रजेवरच्या माणसाचे उत्तर

दिवाळीच्या आठवड्यात कार्यालयाकडून एखाद्याला मिळणाऱ्या उत्तरांत अशा मजकुराचे उत्तर हमखास असते: "नमस्कार मंडळी! दिवाळीला गावी चाललोय. फराळ, फटाके आणि भरपूर झोप! मेल अधूनमधून बघेन. अगदीच अर्जंट असेल तर ऑफिसात कुणालाही विचारा. भेटूया दिवाळीनंतर!" लिहिणाऱ्याचा आनंद खरा आहे, आणि तो त्याने का व्यक्त करू नये, असा प्रश्न कुणी विचारला तर तो रास्तच आहे. माझे म्हणणे एवढेच, की हा मजकूर ज्याला मिळतो, तो आपल्या रजेची चौकशी करत नसतो. त्याचे काम अडलेले असते. म्हणून अशा उत्तराची कसोटी एकच: ते वाचून, दुसरा मेल न पाठवता, वाचणाऱ्याला पुढचे पाऊल टाकता येते का?

ही कसोटी नवी नाही. युनिक्सच्या जगात एरिक ऑलमन यांनी 'व्हेकेशन' नावाचा छोटा प्रोग्रॅम लिहिला. आजच्या स्वयंचलित उत्तरांचा तो पूर्वज. त्याच्या माहितीपत्रकात नमुन्याचा मजकूर दिलेला आहे. त्यात दोनच गोष्टी आहेत: २२ जुलैपर्यंत रजेवर आहे, आणि तातडीचे असेल तर कीथ बॉस्टिक यांना लिहा. सोबत त्यांचा पत्ता. तारीख, नाव, पत्ता. बाकीचे सगळे आपण नंतर वाढवले. हा प्रोग्रॅम एकाच माणसाला एरवी आठवड्यातून एकदाच उत्तर देतो, आणि २००४ साली स्वयंचलित उत्तरांसाठी ज्या शिफारशी, म्हणजे आरएफसी ३८३४, प्रसिद्ध झाल्या, त्यांतही सात दिवसांचीच मुदत सुचवली आहे. दोन यंत्रे एकमेकांना उत्तरे देत बसू नयेत, हा त्यामागचा विचार. जीमेल त्याच माणसाला चार दिवसांनी पुन्हा उत्तर देते, आउटलुक साधारणतः एका रजेत एकदाच. याचा अर्थ नीट लक्षात घ्यावा. मोघम लिहून वाचणारा गोंधळला आणि त्याने पुन्हा विचारले, तर यंत्र बहुधा गप्प बसते. आपल्याला बोलण्याची संधी एकदाच आहे.

आता एक प्रकरण तपशिलाने पाहू. समजा, चाकणच्या एका कारखान्यात निर्यातीची कागदपत्रे सांभाळणारा समन्वयक आहे आणि त्याचा ग्राहक जर्मनीत श्टुटगार्टला. रजा दिवाळीची, सोमवार २० ऑक्टोबर २०२५ पासून. मंगळवारी जर्मनीतून मेल येतो: पॅकिंग लिस्टवरचे वजन आणि इन्व्हॉइसवरचे वजन जुळत नाही, दुरुस्त प्रत पाठवा. त्याला वर वाचलेले उत्तर मिळाले, तर काय होईल? 'दिवाळीनंतर' म्हणजे पाडव्यानंतर, भाऊबीजेनंतर की पुढच्या सोमवारी, हे चाकणमध्येही दोन माणसे एकसारखे सांगणार नाहीत. 'अधूनमधून बघेन' या शब्दांनी तर सर्वांत जास्त नुकसान होते, कारण त्यामुळे तो वाट पाहत राहतो. 'मुळीच बघणार नाही' असे वाचले असते, तर त्याने लगेच दुसरा दरवाजा ठोठावला असता. आणि 'ऑफिसात कुणालाही' म्हणजे प्रत्यक्षात कुणालाच नाही. कुणा एकाचे नाव नसले की ते काम कुणाच्याच टेबलावर जात नाही.

हाच मजकूर पुन्हा लिहू. ग्राहकाला तो इंग्रजीत जाईल, पण बांधणी अशी असेल: "आपला मेल मिळाला. मी सोमवार २० ऑक्टोबर ते रविवार २६ ऑक्टोबर २०२५ रजेवर आहे आणि या काळात मेल पाहणार नाही. सोमवार २७ ऑक्टोबरला, भारतीय वेळेनुसार सकाळी साडेनऊला, कामावर येईन. पाठवलेल्या मालाची कागदपत्रे, इन्व्हॉइस व पॅकिंग लिस्ट यांसाठी निर्यात विभागातील (इथे सहकाऱ्याचे पूर्ण नाव आणि मेलचा पत्ता) यांना, विषयात ऑर्डर क्रमांक देऊन, लिहावे. २१ व २२ ऑक्टोबरला कारखाना बंद असल्याने त्यांचे उत्तर २३ तारखेला मिळेल. दर आणि नव्या ऑर्डरींबाबतचे मेल मी स्वतः पाहीन व २८ ऑक्टोबरपर्यंत उत्तर देईन." महिन्याचे नाव अक्षरांत का? कारण आकड्यांत लिहिलेला १०/११ हा दिवस अमेरिकेत एक आणि आपल्याकडे दुसरा होतो. वेळेपुढे 'भारतीय' का? कारण याच रजेत, रविवारी २६ ऑक्टोबरला, जर्मनीतील घड्याळे एक तास मागे गेली. साडेतीन तासांचे अंतर साडेचार तासांचे झाले. सवयीने हिशेब करणारा ग्राहक एक तास चुकला असता.

यातले सर्वांत अवघड वाक्य सहकाऱ्याच्या नावाचे आहे, आणि त्यावर आक्षेप घेतला जातो तो योग्यच आहे: त्याची दिवाळी आपण का बिघडवायची? म्हणूनच ते नाव लिहिण्याआधी त्या माणसाशी ठरवावे लागते. चार्ज देणे म्हणतात ते हेच. सरकारी कार्यालयांत कार्यभार सोपवल्याशिवाय लांबची रजा सहज मिळत नाही, ती शिस्त इथेही उपयोगी आहे. कोणत्या ऑर्डरी चालू आहेत, फायली कोणत्या फोल्डरमध्ये आहेत, दुरुस्त इन्व्हॉइसवर सही करण्याचा अधिकार त्याला आहे का, एवढे तरी त्याला माहीत हवे. हा शेवटचा प्रश्न बहुतेक वेळा विसरला जातो. तसे झाले तर नाव दिलेले असूनही ग्राहक तिथेच अडकतो, फक्त आता दोन माणसांकडे. त्याचबरोबर कोणते काम त्या सहकाऱ्याकडे पाठवायचे नाही, हेही मजकुरात सांगितले की त्याच्यावरचा भार मर्यादित राहतो. नमुन्यात दराचे काम वेगळे काढले, ते यासाठीच.

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा आहे आणि तो मला अधिक गंभीर वाटतो. कोण कधी नाही, त्याच्या जागी कोण आहे, ही माहिती अनोळखी माणसाला मिळाली की तो त्या सहकाऱ्याला गाठून "साहेब रजेवर आहेत, त्यांनीच सांगितले होते, पैसे या नव्या खात्यात भरा" असा मेल पाठवू शकतो. म्हणून आउटलुकमध्ये संस्थेतल्या माणसांसाठी एक आणि बाहेरच्यांसाठी दुसरा, असे दोन मजकूर ठेवण्याची सोय आहे, ती वापरावी. बाहेरच्या मजकुरात नावाऐवजी विभागाचा सामायिक पत्ता चालतो, फक्त तो पत्ता रोज उघडणारा माणूस आधी ठरलेला हवा. रजेचे कारण, गावाचे नाव, खासगी मोबाइल क्रमांक बाहेरच्या मजकुरात नको. आजारपण असेल तर तेही नको. ते सांगणे न सांगणे हा त्या माणसाचा अधिकार आहे, आणि ग्राहकाचे काम त्याने पुढे सरकत नाही.

मग आपुलकीचे काय? दिवाळीच्या शुभेच्छांना शेवटी एक ओळ द्यावी, खुशाल द्यावी. ती पहिल्या ओळीत आली तर मोबाइलच्या पडद्यावर तारखेच्या आधी फराळच दिसतो. नेहमीच्या सहकाऱ्यांना मनमोकळे लिहायचे असेल, तर संस्थेतला मजकूर वेगळा आहेच. एकट्याने काम करणाऱ्याची अडचण मात्र खरी आहे. करसल्लागार किंवा भाषांतरकार यांच्या मागे नाव घ्यावे असा कुणीच नसतो. त्यांनी खोटे नाव उभे करू नये. "या काळात माझ्याऐवजी कुणी नाही, १८ तारखेपर्यंत मिळालेली कागदपत्रे रजेपूर्वी हातावेगळी होतील, नंतरची २७ पासून" असे लिहिले, तरी समोरच्याला ठरवता येते. त्यासाठी ते रजेच्या आठवडाभर आधी नेहमीच्या ग्राहकांना स्वतंत्रपणे कळवावे लागते.

शेवटी यंत्र लावताना एक जागा सांभाळावी. जीमेलमध्ये 'शेवटचा दिवस' विचारतात, तिथे परतण्याची नव्हे, रजेची शेवटची तारीख भरायची असते, आणि त्या रात्री ११.५९ला उत्तरे थांबतात. आपल्या उदाहरणात ती २६ आहे. तिथे २७ भरले, तर तो माणूस टेबलाशी बसून मेल वाचत असेल आणि ग्राहकाला मात्र तो रजेवर असल्याचे उत्तर दिवसभर जात राहील.