मागणीपत्रातील मापे

नारायणगावच्या उपबाजारात टोमॅटोचा व्यवहार प्रायः वीस किलोच्या क्रेटवर चालत असल्यामुळे, परगावच्या खरेदीदाराने ईमेलमध्ये नुसते ‘टोमॅटो ५००’ असे लिहिले, तर त्याच्या मनात ५०० किलो, म्हणजे अवघे पंचवीस क्रेट असताना अडत्या मात्र ५०० क्रेट, म्हणजे दहा टन माल भरून पाठवण्याचा संभव असतो. म्हणून ओळ अशी लिहावी: ‘टोमॅटो, ५०० क्रेट, प्रतिक्रेट निव्वळ २० किलो, एकूण १०००० किलो.’ यातील गुणाकार जुळला नाही, की चूक ट्रक भरण्यापूर्वीच ध्यानी येते; आणि ‘निव्वळ’ हा शब्द गाळला, तर रिकाम्या क्रेटचे वजन मालात धरावे की नाही, ही हुज्जत काट्यावर उभी राहते. डझनाच्या जिनसांपुढे नगही लिहावेत: ‘१० डझन, १२० नग’.

जुन्नरची द्राक्षे युरोपात जातात, तेथे अधिक सावधगिरी हवी, कारण ‘१.५०० किलो’ हा आपला दीड किलो नेदरलँड्समध्ये दीड हजार किलो वाचला जातो, तर आपला ‘१,५०० किलो’ तेथे दीड किलो ठरतो. अशा पत्रात बिंदू व स्वल्पविराम दोन्ही वर्ज्य करून ‘१५०० किलो, अक्षरी एक हजार पाचशे’ असेच लिहावे.