हायड्रोजन पेरॉक्साइड : एक रेणू, दोन स्वभाव



चंडीगढच्या शासकीय संग्रहालयात पहाडी शैलीच्या लघुचित्रांचा मोठा संग्रह आहे. अशा जुन्या चित्रांत पांढऱ्या रंगासाठी शिशाचा सफेदा वापरला असेल, तर कालांतराने त्याचे काही ठिपके काळवंडतात. हवेतील हायड्रोजन सल्फाइड वायूमुळे सफेद्याचे काळ्या लेड सल्फाइडमध्ये रूपांतर होते. जुन्या चित्रांवरील हा काळेपणा घालविण्यासाठी जाणकार अत्यंत सौम्य हायड्रोजन पेरॉक्साइड योजतात. त्यामागील क्रिया अशी :

PbS + 4H₂O₂ → PbSO₄ + 4H₂O

काळ्या सल्फाइडचे पांढरे सल्फेट झाले. येथे पेरॉक्साइड ऑक्सिडीकारक आहे. पण हेच द्रव्य जांभळ्या पोटॅशियम परमँगॅनेटच्या अम्लयुक्त द्रावात घातले, तर जांभळा रंग नाहीसा होतो आणि ऑक्सिजनचे बुडबुडे सुटतात. येथे त्याने परमँगॅनेटचे क्षपण केले. एकाच रेणूने एकदा इलेक्ट्रॉन घ्यावेत आणि एकदा द्यावेत, हे कसे, ते आज पाहावयाचे आहे.

फ्रेंच रसायनज्ञ थेनार याने 1818 साली हे द्रव्य प्रथम तयार केले. त्याच्या रेणूत ऑक्सिजनचे दोन अणू एकमेकांना जोडलेले असून प्रत्येकाला एकेक हायड्रोजन लागलेला आहे. H–O–O–H असे आपण सरळ रेषेत लिहितो खरे. परंतु रेणू सरळ नाही, सपाटही नाही. अर्धवट उघडलेले पुस्तक डोळ्यांपुढे आणा. पुस्तकाच्या कण्यावर दोन ऑक्सिजन आहेत आणि दोन पानांवर एकेक हायड्रोजन आहे. वायुरूपात या पानांमधील कोन सुमारे 111 अंशांचा असतो, तर स्फटिकात तो 90 अंशांच्या आसपास येतो. दोन्ही ऑक्सिजनांवरील मोकळ्या इलेक्ट्रॉन-जोड्या एकमेकींना दूर लोटतात, म्हणून रेणूला हे वळण पडते.

या कण्यातच सारे मर्म आहे. ऑक्सिजन वायूच्या रेणूत दोन अणूंमधील अंतर 1.21 अँगस्ट्रॉम असते, येथे ते 1.47 आहे, म्हणजे बंध लांब आणि दुबळा आहे. तो तोडण्यास O–H बंध तोडण्यास लागणाऱ्या ऊर्जेच्या निम्म्याच्या आसपास ऊर्जा पुरते. शिवाय येथील ऑक्सिजनचा ऑक्सिडीकरणांक उणे एक आहे. पाण्यात तो उणे दोन असतो आणि मुक्त ऑक्सिजन वायूत शून्य. पेरॉक्साइड असा जिन्याच्या मधल्या पायरीवर उभा आहे. तो खालीही उतरू शकतो आणि वरही चढू शकतो.

खाली उतरताना तो दोन इलेक्ट्रॉन घेतो, कणा मोडतो आणि दोन्ही ऑक्सिजन पाण्यात जातात :

H₂O₂ + 2H⁺ + 2e⁻ → 2H₂O

वर चढताना तो दोन इलेक्ट्रॉन देतो आणि दोन्ही हायड्रोजन धनभारित आयन होऊन पाण्याच्या स्वाधीन होतात. या वेळी कणा मात्र मोडत नाही. उलट तो अधिक घट्ट होऊन ऑक्सिजन वायू म्हणून बाहेर पडतो :

H₂O₂ → O₂ + 2H⁺ + 2e⁻

आता परमँगॅनेटची क्रिया संतुलित करू. मँगॅनीज अधिक सातवरून अधिक दोनवर येतो, म्हणजे प्रत्येक आयन पाच इलेक्ट्रॉन घेतो. पेरॉक्साइडचा प्रत्येक रेणू दोन देतो. तेव्हा दोनास पाच हे प्रमाण ठरले :

2MnO₄⁻ + 5H₂O₂ + 6H⁺ → 2Mn²⁺ + 5O₂ + 8H₂O

येथे एक चमत्कारिक अडचण उभी राहते. पुढील समीकरण पाहा :

2MnO₄⁻ + 3H₂O₂ + 6H⁺ → 2Mn²⁺ + 4O₂ + 6H₂O

यातील अणू मोजा, विद्युतभार मोजा. दोन्ही बाजू बरोबर जुळतात. तरीही हे समीकरण खोटे आहे. तीन पेरॉक्साइड सहाच इलेक्ट्रॉन देऊ शकतात, आणि परमँगॅनेटला दहा हवेत. उरलेले चार इलेक्ट्रॉन देण्यासाठी परमँगॅनेटच्या स्वतःच्याच ऑक्सिजनपासून वायूचा एक रेणू बनावा लागेल. तसे घडते काय? काहिल आणि टाउबी यांनी 1952 साली जड ऑक्सिजनची खूण वापरून याचा छडा लावला. बाहेर पडणारा सारा वायू पेरॉक्साइडमधूनच येतो आणि त्यातील अणूंच्या जोड्या पूर्वीच्याच असतात, असे दिसून आले. कणा अभंग राहतो, हे यावरून सिद्ध झाले. केवळ अणूंची बेरीज जुळली म्हणजे समीकरण खरे ठरत नाही. इलेक्ट्रॉनांचा हिशोबही पुसावा लागतो.

हा भेद नुसता कागदावरचा नव्हे. औषधाच्या दुकानात '20 व्हॉल्यूम' अशी चिठ्ठी लावलेली बाटली मिळते. तिचा अर्थ असा की, एक लिटर द्रावातून 0 अंश सेल्सिअस व 760 मिलिमीटर दाबाखाली 20 लिटर ऑक्सिजन मिळावा. समजा, अशी एक जुनी बाटली आपण तपासावयास घेतली. तिच्यातील 10 मिलिलिटर द्राव पाणी घालून 250 मिलिलिटर केला. त्यातला 25 मिलिलिटर घेऊन त्यात सौम्य गंधकाम्ल घातले आणि 0.02 मोलर परमँगॅनेट थेंबथेंब सोडले. पहिल्या थेंबांचा रंग सावकाश जातो. पुढे तयार झालेले मँगॅनीज आयनच क्रियेला वेग देतात. फिकट गुलाबी छटा अर्धा मिनिट टिकली की थांबावयाचे. येथे मीठाम्ल चालत नाही, कारण परमँगॅनेट क्लोराइडवरही खर्च होते आणि आकडा फुगतो. अम्ल कमी पडले, तर तपकिरी गढूळपणा येऊन चूक कळते.

समजा, 25 मिलिलिटर परमँगॅनेट लागले. ते 0.5 मिलिमोल झाले. दोनास पाच या प्रमाणाने पेरॉक्साइड 1.25 मिलिमोल आले. म्हणून मूळ बाटलीतील द्राव 1.25 मोलर ठरतो. एका मोलर द्रावाचे 11.2 व्हॉल्यूम होतात, तेव्हा उत्तर 14 व्हॉल्यूम. खोट्या समीकरणाने तेच उत्तर 8.4 आले असते.

उरलेले सहा व्हॉल्यूम गेले कोठे? पेरॉक्साइडचे रेणू आपापसांतही देवघेव करतात. एक इलेक्ट्रॉन देतो, दुसरा घेतो :

2H₂O₂ → 2H₂O + O₂

उष्णता, प्रकाश, धूळ आणि धातूंचे कण यांनी ही क्रिया वाढते. चंडीगढच्या जून महिन्यात बाटली कपाटाबाहेर राहिली, तर तिचे बळ लवकर ओसरते.

मँगॅनीज डायऑक्साइड टाकून हीच क्रिया घडवून आणता येते आणि वायू पाण्यावर गोळा करून उत्तर पडताळता येते. आपल्या बाटलीच्या 10 मिलिलिटरांतून प्रमाण स्थितीत 140 मिलिलिटर वायू यावयास हवा. परंतु चंडीगढ समुद्रसपाटीपासून सव्वातीनशे मीटरांच्या आसपास उंचीवर आहे. उन्हाळ्यात तेथे हवेचा दाब 725 मिलिमीटर, तपमान 40 अंश आणि त्या वायूत पाण्याच्या वाफेचा दाब 55 मिलिमीटर धरला, तर नळीत सुमारे 182 मिलिलिटर दिसतील. ही दुरुस्ती न करणारा मनुष्य 18 व्हॉल्यूम लिहून बाटलीला जवळजवळ ताजी ठरवील. दुरुस्ती केली म्हणजे मात्र वायूची नळी आणि परमँगॅनेटची नळी, दोन्ही एकच साक्ष देतात : चौदा.