वेळापत्रकाआधीचे तीन कागद

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)

मी तीस वर्षे शाळेत गणित शिकवले. निवृत्तीनंतरही जानेवारी उजाडला की दाराशी मुले येतात आणि मागणी एकच असते : "सर, दहावीचं वेळापत्रक करून द्या."

पूर्वी मी लगेच करून देत असे. रंगीत शाईने आखलेला तक्ता, पहाटे पाच ते सहा गणित, सहा ते सात मराठी, असा प्रत्येक विषयाला रोज एक तास. एका मुलाने माझा असा तक्ता भिंतीवर चिकटवून अगदी निष्ठेने पाळला. मराठीत त्याला उत्तम गुण मिळाले आणि विज्ञानात तो नापास झाला. निकालाच्या दिवशी त्याचे वडील मला एवढेच म्हणाले, "सर, तुम्ही सांगितलं तसंच केलं हो त्याने." चूक त्याची नव्हती. जो विषय त्याला येत होता आणि जो येत नव्हता, त्या दोघांना मी सारखाच तास दिला होता. मी त्याला काही विचारलेच नव्हते.

तेव्हापासून मी तीन कागद मागतो. ते कसे करायचे, हे एका मुलीच्या उदाहरणावरून सांगतो.

20 जानेवारी 2024, शनिवार. संध्याकाळी आमच्याच वाडीतली एक मुलगी चिठ्ठी घेऊन आली. तीत लिहिले होते, "रोज चार तास अभ्यास करीन. वेळापत्रक द्यावे. गणित कच्चे आहे." मी विचारले, "काय काय राहिलंय?" ती म्हणाली, "सगळंच, सर." "किती दिवस आहेत?" "महिना-सव्वा महिना असेल."

पहिला कागद अभ्यासक्रमाचा. दहावीचा अभ्यासक्रम काय तो सगळ्यांना ठाऊकच असतो, असे आपल्याला वाटते. पण प्रश्न पुस्तकात काय आहे हा नसून आपले काय राहिले आहे हा असतो. मी तिला गणिताच्या आणि विज्ञानाच्या दोन्ही भागांच्या अनुक्रमणिका उतरवायला लावल्या. बीजगणिताची सहा प्रकरणे, भूमितीची सात, विज्ञानाच्या प्रत्येक भागाची दहा, अशी एकूण तेहतीस. प्रत्येकापुढे एकच खूण करायची : शाळेत शिकवून झाले, स्वतः वहीत सोडवले, की हातच लावला नाही. "सगळंच राहिलंय" म्हणणाऱ्या मुलीची चौदा प्रकरणे स्वतः सोडवून झालेली निघाली. उलट अर्थनियोजनाचे प्रकरण वर्गात घाईने उरकले गेले होते आणि तिच्या वहीत त्याचे एकही उदाहरण नव्हते. हे तिलाही त्या दिवशीच कळले.

दुसरा कागद दिवसांचा. त्या वर्षी परीक्षा 1 मार्चला सुरू होणार होती आणि फेब्रुवारी 29 दिवसांचा होता. म्हणजे 21 जानेवारीपासून चाळीस दिवस. आता त्यातून वजाबाकी करायची. शाळेच्या पूर्वपरीक्षेचे सहा दिवस, तोंडी व प्रात्यक्षिकांचे तीन, मामाच्या घरच्या लग्नाचे दोन. राहिले 29. त्यांतले चार रविवार मी मुद्दाम मोकळे ठेवायला सांगितले, कारण मागे पडलेले काम भरून काढायला जागा नसेल तर वेळापत्रक पहिल्याच आठवड्यात मोडते. उरले 25 दिवस. रोजचे चार तास धरले तर झाले शंभर तास. परीक्षा सुरू झाल्यावर दोन पेपरांच्या मध्ये जे दिवस मिळतात, ते मी यात मोजत नाही. ते उजळणीसाठीच असतात.

तिसरा कागद तयारीचा, आणि इथे मुलांच्या बोलण्यावर विश्वास ठेवून चालत नाही. ती खोटे बोलतात म्हणून नव्हे, तर त्यांना जे वाटते ते आणि पेपरात जे उतरते ते वेगळे असते म्हणून. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला बीजगणिताचा जुना पेपर दिला. चाळीस गुण, दोन तास, पुस्तक बंद. तिला पंधरा गुण पडले. पण त्या पंधरापेक्षा गेलेले पंचवीस मला जास्त महत्त्वाचे होते. प्रत्येक चुकीपुढे तिलाच कारण लिहायला सांगितले : येतच नव्हते, येत होते पण चुकले, की वेळ पुरला नाही.

एक उदाहरण सांगतो. समीकरण होते x² + 8x − 48 = 0. दोन अशा संख्या हव्यात की ज्यांचा गुणाकार उणे 48 आणि बेरीज अधिक 8. त्या 12 आणि उणे 4. तिने उणे 12 आणि 4 घेतल्या, त्यामुळे उत्तर 12 आणि उणे 4 आले. खरे उत्तर उणे 12 आणि 4. वर्गसमीकरणाच्या तीनही उदाहरणांत चिन्हाचीच चूक होती. म्हणजे दहावीचे प्रकरण तिला समजले होते, कच्चे होते ते आठवीतले अवयव. आलेले उत्तर समीकरणात परत घालून पाहिले असते तर चूक तिथेच दिसली असती : 144 अधिक 96 वजा 48 म्हणजे 192, शून्य नव्हे.

तीन कागद समोर आल्यावर वेळापत्रकाला अर्धा तास पुरला. शंभरातले 34 तास भाषा आणि समाजशास्त्रांना, 20 बीजगणिताला, 14 भूमितीला, 16 विज्ञानाच्या पहिल्या भागाला, 8 दुसऱ्याला आणि 8 तास चार जुने पेपर घड्याळ लावून सोडवायला. बीजगणितातले पहिले तीन तास आठवीच्या अवयवांचे. "गणित कच्चे" एवढ्या दोन शब्दांवरून हे तीन तास कधीच सुचले नसते.

पहिल्या आठवड्यात 24 तासांचे काम ठरले होते, झाले 19. राहिलेले पाच तास पुढच्या आठवड्यावर ढकलले असते तर तोही कोसळला असता. तीन तास मोकळ्या रविवारी भरले आणि दोन तास तिला चांगल्या येणाऱ्या संभाव्यतेतून कापले.

निकालात गणितात तिला शंभरपैकी 67 मिळाले. विज्ञानात मात्र 58, अपेक्षेपेक्षा कमी. त्याचे कारणही सांगायला हवे. विज्ञानाच्या दुसऱ्या भागाबद्दल ती म्हणाली होती, "वाचून झालंय, सर," आणि त्या एका विषयाचा पेपर मी सोडवून घेतला नाही. तिच्या शब्दावर मी आठ तास दिले. वाचलेले आणि लिहिता येणारे यांतला फरक मी इतरांना शिकवतो, तो त्या दिवशी माझ्याच नजरेतून सुटला.

तेव्हा पालकहो, तुमच्या मुलासाठी कुणाकडे वेळापत्रक मागायला जाल, तेव्हा रिकाम्या हाताने जाऊ नका. खुणा केलेली अनुक्रमणिका, वजाबाकी केलेले दिवस आणि प्रत्येक विषयाचा एकेक तपासलेला जुना पेपर सोबत न्या. आणि समोरच्याने यांतले काहीच न पाहता तक्ता आखायला घेतला, तर त्याला थांबवा. तो माझ्यासारखाच कुणी असेल.