ट्रायग्लिसराइड हजारावर गेलं की फायब्रेटच का?

आज एक रिपोर्ट उघडून बसू. समजा, तिशीतल्या एका मुलाचं उपाशीपोटी ट्रायग्लिसराइड आलंय १२४०. नॉर्मल म्हणजे १५० च्या आत. कोलेस्टेरॉल म्हटलं की आपल्याला स्टॅटिन आठवतं. मग डॉक्टरांनी फेनोफायब्रेट का लिहिलं?

कारण स्टॅटिनचं मुख्य काम एलडीएल उतरवणं, म्हणजे हृदयाचा धोका कमी करणं. इथे मात्र आधी स्वादुपिंड वाचवायचं आहे.

रक्तातली चरबी छोट्या गोळ्यांच्या रूपात फिरते. काही जेवणातून येतात, काही लिव्हर बनवतं. त्या फोडायला रक्तवाहिन्यांच्या भिंतीवर लायपोप्रोटीन लायपेज नावाचं एन्झाइम असतं. त्याला टोलनाका समजा. आकडा ५०० च्या पुढे सरकला की नाक्यावर रांग लागू लागते, आणि हजारानंतर धोका खूपच वाढतो. रक्त अक्षरशः दुधाळ दिसतं. स्वादुपिंडातलं पाचक एन्झाइम तिथेच ही चरबी फोडतं, आणि त्यातून सुटलेली फॅटी ॲसिड्स त्याच्याच पेशी जाळतात. हाच पॅन्क्रियाटायटिस.

फायब्रेट दोन्ही टोकांना काम करतं. नाक्यावर जास्त लेन उघडतं आणि लिव्हरकडून येणाऱ्या गाड्याही कमी करतं. त्याने ट्रायग्लिसराइड साधारण ३० ते ५० टक्के उतरतं. स्टॅटिनने तेवढं उतरत नाही.

आता गणित करू. १२४० मधून ४० टक्के गेले तर उरतात ७४४. म्हणजे अजूनही ५०० च्या वरच! म्हणून गोळीसोबत दारू पूर्ण बंद, तेल-तूप अगदी कमी, साखर आणि गोड पेयं बंद. डायबेटिस असेल तर शुगर आटोक्यात हवी, कारण इन्सुलिन कमी पडलं की नाकाही मंदावतो. काही जणांमध्ये जन्मतःच हे एन्झाइम काम करत नाही. नाकाच बंद, मग लेन कुठून उघडणार? त्यांना फायब्रेटचा फारसा उपयोग होत नाही.

मर्यादाही ऐका. मध्यम वाढलेल्या ट्रायग्लिसराइडमध्ये, आधीच स्टॅटिन चालू असताना, फायब्रेट जोडून हार्ट अटॅक कमी होतात असं मोठ्या चाचण्यांत दिसलं नाही. किडनी खूप कमजोर असेल किंवा पित्ताशयाचा आजार असेल तर ते देत नाहीत. स्टॅटिनसोबत द्यायचं झालं तर फेनोफायब्रेट निवडतात, कारण जेमफायब्रोझिलने स्नायूंना इजा होण्याचा धोका जास्त. स्नायू खूप दुखले किंवा लघवी गडद झाली तर लगेच कळवायचं.

आणि हो, गोळीचा पूर्ण परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. त्यामुळे पोटाच्या वरच्या भागात जोरात दुखून कळ पाठीत गेली, उलट्या सुरू झाल्या, तर गोळीवर विसंबू नका, थेट हॉस्पिटल गाठा. आणि तिथे ट्रायग्लिसराइडचा जुना आकडा आठवणीने सांगा. भेटू पुढच्या भागात!