शेवटाच्या अलीकडे



या परिषदेचं अध्यक्षपद तुम्ही माझ्याकडे दिलंत, याबद्दल मी तुमची ऋणी आहे. आपल्यापैकी अनेकजण आता पुस्तकांची ओळख व्हिडिओतून करून देतात. बहुतेकांकडे आधी लिहिलेलं परीक्षण असतं आणि त्यावरून संहिता तयार करायची असते. आज मी या एकाच कामाविषयी बोलणार आहे. त्यासाठी मी स्वतः केलेलं एक उदाहरण घेते. पुस्तक आहे व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’. ती १९५५ साली पुस्तकरूपानं आली. सभागृहात बहुतेकांनी ती वाचलेली असेल, पण काहींनी नक्कीच नसेल. म्हणून या भाषणातही तिचा शेवट मी सांगणार नाही.

‘बनगरवाडी’वर मी लिहिलेलं परीक्षण साधारण चौदाशे शब्दांचं होतं. कॅमेऱ्यासमोर मी मिनिटाला एकशे दहाच्या आसपास शब्द बोलते, म्हणजे ते जसंच्या तसं वाचायला तेरा मिनिटं लागली असती. व्हिडिओ पाच मिनिटांचा करायचा होता. दृश्यांना आणि थांबण्याला जागा ठेवली, तर निवेदनाला पावणेपाचशे शब्द उरत होते. सुरुवातीला मला वाटलं, काम कापण्याचं आहे. मी उपवाक्यं काढली, दाखले काढले, पाचशे शब्दांवर आले. ते मोठ्यानं वाचून पाहिलं, तर ते एक आखूड परीक्षण होतं आणि त्याच्या मध्यावर कादंबरीचा शेवट जसाच्या तसा बसलेला होता.

यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे. आपल्याकडचं लिखित परीक्षण बरेचदा पुस्तक वाचलेल्या माणसाशी चर्चा करत असतं. ज्यानं वाचलेलं नाही, तो नको असलेला परिच्छेद ओलांडून पुढे जाऊ शकतो. व्हिडिओ ऐकणाऱ्याला तशी सोय नसते. वाक्य कानावर पडलं की पडलं. शिवाय व्हिडिओ पाहणारा बहुधा पुस्तक उचलायचं की नाही हे ठरवत असतो. म्हणजे शब्दसंख्या बदलण्याआधी श्रोता बदललेला असतो.

म्हणून मी पुन्हा सुरुवात केली. परीक्षणाची छापील प्रत समोर ठेवली आणि दोन रंगांच्या पेन्सिली घेतल्या. जे वाक्य पुस्तकात काय घडतं ते सांगतं, त्याखाली निळी रेघ. जे वाक्य माझं मत सांगतं, त्याखाली लाल. मग प्रत्येक लाल वाक्याला एकच प्रश्न विचारला: हे मत पुस्तकातल्या कोणत्या पानावर उभं आहे? तेव्हा लक्षात आलं की माझ्या सहा मुख्य मतांपैकी चार शेवटच्या प्रकरणांच्या आधारावर उभी होती. निळी वाक्यं काढून टाकणं सोपं असतं. खरी अडचण या चार मतांची होती, कारण मध्यवर्ती कल्पना त्यांच्यातच होती.

त्यातलं सर्वांत महत्त्वाचं मत असं: ‘या कादंबरीचा नायक एखादा माणूस नाही, गाव आहे.’ परीक्षणात मी ते शेवटाच्या आधारे सिद्ध केलं होतं. शेवट काढला, तर ते नुसतं विधान उरत होतं आणि ऐकणाऱ्यानं ते माझ्या भरवशावर मान्य करायचं होतं. तसं करणं मला पटेना. म्हणून मी कादंबरी पुन्हा हातात घेतली आणि साधारण पहिल्या एकतृतीयांश भागाच्या शेवटी एक खूण घातली. हीच गोष्ट या खुणेच्या अलीकडे कुठे दिसते का, ते शोधायचं ठरवलं.

ती दिसतेच. चांगल्या कादंबरीत मध्यवर्ती कल्पना शेवटाची वाट पाहत बसत नाही. औंध संस्थानातल्या धनगरांच्या एका लहान वस्तीवर पहिल्या नोकरीचा तरुण मास्तर पायी येऊन पोहोचतो. शाळा आहे, पण मुलं नाहीत, कारण मुलं मेंढरांमागे आहेत. मुलं हवी असतील तर आईबापांना गाठायला हवं, आईबापांचं मन वळायचं तर कारभाऱ्याचं मत पडायला हवं, आणि कारभारी बोलतो तो एकट्याचं बोलत नाही, गावाचं बोलतो. एकेकट्या माणसाशी व्यवहार करण्याच्या समजुतीनं आलेल्या मास्तराला पहिल्या काही दिवसांतच कळतं की इथे व्यवहार गावाशी आहे. हळूहळू लोक त्याच्याकडे पाढे-बाराखडी सोडून भलतीच कामं घेऊन येऊ लागतात. गाव हा नायक आहे, याचा पुरावा मला शेवटाशिवाय मिळाला होता.

पुढची पायरी त्या मताचा प्रश्न करण्याची. मत ऐकणाऱ्यापुढे पूर्ण होऊन येतं, प्रश्न त्याला पुस्तकापर्यंत नेतो. मात्र तो प्रश्न ‘पुढे काय होईल?’ असा नसावा. तो कुठल्याही गोष्टीला लागू पडतो. प्रश्न त्याच पुस्तकाचा हवा. माझा प्रश्न असा झाला: ‘शिकवायला आलेला माणूस गावाचा केव्हा होतो, आणि हे ठरवतं कोण?’

आता संहितेची सुरुवात वाचून दाखवते. कागदावर दोन रकाने आहेत, डावीकडे दृश्य, उजवीकडे निवेदन. दृश्य: मोकळा माळ, पायवाट. निवेदन: ‘एक तरुण मास्तर. पहिलीच नोकरी. माळावरून तो एकटा चालला आहे. वाडीवर पोहोचतो, तर शाळेत एकही मूल नाही.’ इथे तीन सेकंद शांतता. दृश्य: पुस्तकाचं मुखपृष्ठ. निवेदन: ‘मुलं मेंढरांमागे आहेत. ती शाळेत यायची, तर आधी गावानं मास्तराला आपला म्हणायला हवं.’ चाळीस सेकंदांत ऐकणारा कादंबरीच्या गाभ्यापाशी येतो आणि अजून तो पहिल्या काही पानांतच असतो.

या कादंबरीचा राम देशमुखांनी इंग्रजीत अनुवाद केला, त्याचं नाव ‘द व्हिलेज हॅड नो वॉल्स’. गावाला भिंती नव्हत्या, एवढंच ते नाव सांगतं. आत येणाऱ्याला अडवणारं काही नाही आणि एकट्यानं लपून राहायलाही जागा नाही, असे दोन्ही अर्थ त्यात आहेत. मध्यवर्ती कल्पना एका चित्रात कशी मावते, हे मी या शीर्षकापासून शिकले.

मित्रहो, घटना काढून टाकल्या तरी शेवट दुसऱ्या वाटांनी बाहेर पडतो. त्यातली पहिली वाट क्रियापदाची. ‘कारभारी मोठा शहाणा माणूस होता’ असं म्हटलं की ऐकणाऱ्याच्या मनात शंका येते: होता म्हणजे? आता नाही का? परीक्षणात भूतकाळ सहज चालतो, कारण तिथे पुस्तक वाचून संपलेलं असतं. संहितेत मी सगळी क्रियापदं वर्तमानात आणली: मास्तर येतो, कारभारी बोलतो, लोक जमतात. दुसरी वाट विशेषणांची. ‘हृदयद्रावक’, ‘शोकात्म’, ‘आशादायी’ यांतलं कुठलंही एक विशेषण अख्खा शेवट सांगून टाकतं. त्याऐवजी गुण लेखनशैलीचा सांगावा: माडगूळकरांची वाक्यं आखूड आहेत, ती माणसाचं वागणं दाखवतात आणि निवाडा वाचणाऱ्यावर सोडतात. आणि ‘शेवट सांगत नाही, पण धक्का बसेल’ हे वाक्य तर शेवट फोडण्याचाच एक प्रकार आहे. ते ऐकलेला वाचक प्रत्येक पानावर धक्का शोधत बसतो आणि समोरचं पान वाचायचं राहून जातं.

तिसरी वाट मला सर्वांत उशिरा, एका कसोटीतून कळली. संहिता तयार झाल्यावर मी ती दोघांना ऐकवते. एकानं पुस्तक वाचलेलं असतं, एकानं नसतं. वाचलेल्याला विचारते, ‘हे याच पुस्तकाबद्दल आहे का? गाभा हाती लागला का?’ न वाचलेल्याला विचारते, ‘पुस्तक कशाबद्दल आहे? आणि शेवटी काय होत असेल?’ पहिल्या प्रश्नाला नेमकं उत्तर यावं आणि दुसऱ्याला येऊ नये, अशी माझी कसोटी. ‘बनगरवाडी’चा व्हिडिओ आमच्या वाचनालयात येणाऱ्या अकरावीतल्या एका मुलीला दाखवला. पहिलं उत्तर तिनं छान दिलं. दुसऱ्यालाही तिनं लगेच उत्तर दिलं. ते बरोबर होतं की चूक, हे मी इथे सांगत नाही. तिला अंदाज करावासा वाटला, यातच माझी चूक दिसली. संहितेत तर तसा शब्द नव्हता. तिला विचारलं तेव्हा ती म्हणाली, ‘शेवटच्या फोटोवरून आणि त्या संगीतावरून.’ मी डावा रकाना तपासलाच नव्हता. तो फोटो काढला, संगीताच्या जागी मेंढरांच्या गळ्यातल्या घंटांचा आवाज ठेवला आणि व्हिडिओ पुन्हा सुरुवातीच्या पायवाटेवर आणून संपवला. त्याच कारणासाठी, कादंबरीवर अमोल पालेकरांनी १९९५ साली केलेल्या चित्रपटातली दृश्यं वापरण्याचा मोहही मी आवरला.

या पद्धतीला मर्यादा आहेत. ऐतिहासिक कादंबरीत निकाल लपवण्यात अर्थ नसतो. विश्वास पाटलांची ‘पानिपत’ हातात घेणाऱ्याला १४ जानेवारी १७६१ ला काय झालं हे ठाऊकच असतं. तिथे राखायचं ते, त्या दिवसापर्यंत लेखक आपल्याला कोणत्या वाटेनं आणि कोणाच्या डोळ्यांनी नेतो ते. रहस्यकथेत उलट स्थिती असते. तिथे खूण पहिल्या एकतृतीयांशावरून आणखी मागे, गुन्हा उघड होतो त्या पानापर्यंत आणावी लागते.

आणि एखाद्या पुस्तकाचा शेवटच फसलेला असेल तर? समीक्षकानं ते सांगितलंच पाहिजे, गप्प राहणं ही वाचकाची फसवणूक होईल. मात्र दोष घटनेचा न सांगता कारागिरीचा सांगता येतो: ‘शेवटची पन्नास पानं घाईत उरकली आहेत. आधी एकेका प्रसंगाला सबंध प्रकरण देणारा लेखक इथे तीन प्रसंग एका पानात संपवतो.’ यात मत पूर्ण पोहोचतं आणि काय घडतं ते वाचकासाठी शिल्लक राहतं.

या परिषदेपुढे माझी एक सूचना आहे. आपण प्रत्येकानं संहितेच्या तळाशी एक ओळ लिहावी: ‘ही संहिता अमुक आवृत्तीच्या अमुक पानापर्यंत जाते.’ ही ओळ व्हिडिओत वाचायची नाही, ती आपल्यासाठी आहे. पानाचा आकडा लिहावा लागला की प्रत्येक मताचा आधार शोधावा लागतो, आणि त्या पानाच्या अलीकडे आधार सापडला नाही, तर पुस्तक पुन्हा वाचावं लागतं. माझं ‘बनगरवाडी’चं दुसरं वाचन या आकड्यामुळेच घडलं आणि पहिल्या प्रकरणांत मी काय काय न पाहता पुढे गेले होते, ते तेव्हा दिसलं.

या सभागृहात ज्यांनी ‘बनगरवाडी’ वाचलेली नाही, त्यांनी आता इतका वेळ तिच्याविषयी ऐकलं. मास्तर त्यांच्यासाठी अजून रिकाम्या शाळेसमोर उभा आहे. त्यांनी आज घरी जाताना ती वाचनालयातून न्यावी, अशी विनंती करून मी थांबते.