दोन शब्दांमधला थांबा

शेजारची नववीतली मुलगी परवा संस्कृतची वही घेऊन आली. 'वने अस्ति' असं तिनं लिहिलं होतं. त्यावर लाल रेघ मारून खाली 'वनेऽस्ति' लिहिलेलं. "काकू, माझं चुकलं का?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "नाही गं. तू फक्त संधी केली नाहीस."

संस्कृतात संधी दोन जागी होते. एक शब्दाच्या पोटात, दुसरी दोन शब्दांच्या मध्ये. 'नी' म्हणजे नेणे. त्याचं आधी 'ने' होतं, पुढे 'अन' प्रत्यय लागतो. ए पुढे अ आला की ए-चा अय् होतो, म्हणून 'नयन'. इथे 'ने अन' असं तोडून म्हणायची सोयच नाही, कारण तो शब्दच राहत नाही. ही आतली संधी, सक्तीची.

आता 'वने' आणि 'अस्ति' पाहा. इथेही ए-पुढे अ-च आहे. पण 'वनयस्ति' होत नाही. ए तसाच राहतो आणि अ लोपतो. वर्ण तेच, नियम मात्र वेगळा, कारण हा ए शब्दाच्या शेवटी आहे. पाणिनीनं तशी अट नियमातच घातली आहे. ही बाहेरची संधी. मध्ये थांबलात तर ती होत नाही. गद्यात थांबायचं की जोडायचं, हे बोलणाऱ्याच्या इच्छेवर आहे, असं जुने वैयाकरणही सांगतात.

म्हणून भाषेचे अभ्यासक दोन गोष्टी तपासतात: मध्ये थांबता येतं का, आणि नियम कुठला लागला. बहुतेक वेळा दोन्ही उत्तरं एकाच बाजूला जातात. समासात मात्र गंमत होते. 'वाच्' म्हणजे वाणी. तिला प्रत्यय लागला की 'वाचा', च जागचा हलत नाही. पण 'वाच्' आणि 'ईश्वरी' मिळून 'वागीश्वरी'. इथे च-चा ग झाला, म्हणजे नियम बाहेरचा, 'वागस्ति'मध्ये लागतो तोच. तरी समास असल्यामुळे जोडणं सक्तीचं. रूप बाहेरचं, बंधन आतलं.

श्लोक म्हणताना हे आपल्या कामाला येतं. 'वनेऽस्ति' म्हणजे तीन अक्षरं, 'वने अस्ति' म्हणजे चार. अर्थ समजावा म्हणून शब्द सोडवून वाचले तर व्याकरण बिघडत नाही. पण चालीत म्हणताना तसं केलं, तर एक अक्षर वाढतं आणि ओळ अडखळते. मंडळात एखादी ओळ चालीत बसत नसेल, तर आधी पाहा, कुणी संधी सोडवून तर म्हणत नाही ना.

त्या मुलीला मी सांगितलं, "प्रश्नात 'संधी करा' असं असेल तर जोडायचंच. नुसतं वाक्य लिहायचं असेल, तर तुझं वाक्य बरोबर आहे." तिनं लाल रेघेशेजारी पेन्सिलीनं लिहिलं, 'बाईंना विचारणे.'