भाग २३ : तीन फुटांचं पाऊल
(एपिसोडचा लिखित मजकूर)

आजचा विषय तुमच्या पायांचा आहे. मोजमाप करायला बाजारातून काही आणायचं नाही, पण एक काम आधी करावं लागतं. ते काम आमच्या घरी राहून गेलं होतं आणि त्यापायी आम्ही बारा पाइप जास्तीचे विकत घेणार होतो.

तर झालं असं. गावी आमची विहीर खालच्या अंगाला आहे आणि वरच्या रानात पाणी न्यायचं होतं. त्यासाठी पीव्हीसी पाइपलाइन. पाइप वीस फुटी येतात, म्हणजे साधारण सहा मीटरचा एक. आता किती पाइप लागतील? बाबांनी अंतर चालून काढलं. ५७० पावलं. त्यांच्या हिशेबात एक पाऊल म्हणजे तीन फूट, म्हणून १७१० फूट, म्हणून ८६ पाइप.

मी मोबाइल काढला. नकाशावर विहिरीपासून वरच्या रानापर्यंत सरळ रेघ ओढली, ती ३७० मीटर भरली. बाबांचे १७१० फूट म्हणजे ५२१ मीटर. मग स्टेप काउंटर चालू करून मी स्वतः चाललो, तो म्हणाला ४५० मीटर. एकच वाट आणि तीन उत्तरं. सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात लहान उत्तरात पंचवीस पाइपांचा फरक!

नकाशाचं कारण लगेच कळलं. पाइप काही पक्ष्यासारखा उडत जात नाही. तो आधी गाडीवाटेने, मग रानाच्या कडेने आणि शेवटी चढाने जाणार होता, तर रेघ सरळ गेली होती. नकाशावर वळणावळणावर टॅप करून वाट आखता येते, पण आमच्या वाटेवर निम्म्या ठिकाणी आंब्याची झाडं आहेत, खालचा बांध दिसतच नाही.

बाबा आणि ॲप यांची चूक मात्र एकाच जातीची होती. ॲपने पावलं बरोबर मोजली होती, मी मनात मोजत होतो, आकडा जुळला. पण पावलाची लांबी त्याने माझ्या उंचीवरून अंदाजाने धरली. बाबांनी ती तीन फूट धरली. दोघांनीही पावलं मोजली, पण पाऊल कोणीच मोजलं नाही.

बाबांचे तीन फूट येतात कुठून, तेही सांगतो. गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट. त्यामुळे अकरा पावलं टाकली की गुंठ्याची एक बाजू झाली, असं त्यांच्या डोक्यात लहानपणापासून बसलंय. हिशेबाला सोपं, पण त्यासाठी पाऊल खरंच तीन फुटांचं हवं.

मग आम्ही पाऊल मोजायला घेतलं. गवंड्याकडून ३० मीटरची टेप आणली. गावाबाहेरच्या सपाट डांबरी रस्त्यावर टेप ताणून तीनदा लावली, वर दहा मीटर, असे बरोबर १०० मीटर आखून दोन्ही टोकांना खडूने रेघा मारल्या.

१०० मीटर का, दहा का नाही? कारण शेवटची रेघ बहुतेक वेळा दोन पावलांच्या मध्ये कुठेतरी येते. तिथे अर्ध्या पावलाची चूक होतेच. दहा मीटरमध्ये पावलं तेराच्या आसपास, त्यात अर्धं म्हणजे जवळपास चार टक्के. १०० मीटरमध्ये पावलं १३० च्या पुढे, तिथे तेच अर्धं पाऊल अर्ध्या टक्क्याच्याही आत जातं. आणि ही चूक एकदा एककात शिरली की पुढच्या प्रत्येक पावलाबरोबर चालत राहते. एखादं पाऊल लांब, एखादं आखूड, हे आपोआप भरून निघतं. पण एककच चार टक्के चुकलं असेल, तर तीच वाट दहा वेळा चालून सरासरी काढली तरी उत्तर तितकंच चुकणार.

बाबा पहिले चालले. ११० पावलं. १०० मीटर म्हणजे ३२८ फूट, भागिले ११०, आले २.९८ फूट. बाबा म्हणाले, "बघ. तीन फूटच आहे." आणि मी गप्प बसलो, कारण आकडा त्यांच्या बाजूने होता.

पण चालताना ते नेहमीसारखे चालत नव्हते. टेप समोर, मी मागे, त्यामुळे टांगा टाकत चालले होते. मी म्हटलं, "बाबा, जरा चहाला जाऊन येऊ." टपरी पलीकडच्या टोकाच्या पुढे होती. जाताना बोलता बोलता ते आपल्या चालीने चालले आणि रेघ ते रेघ मी त्यांची पावलं मनात मोजली. १२९. म्हणजे पाऊल २.५४ फुटांचं. अडीच फूट! ५७० पावलं टाकताना कोण तीन फुटांची टांग टाकत राहणार? पहिली वीस-पंचवीस पावलं टाकेल, मग पाय आपल्या मूळ चालीवर येतात.

म्हणून नियम असा ठेवा: पाऊल मोजताना लांब टाकायचं नाही, मीटरचं करायचा प्रयत्न करायचा नाही. रेघेच्या दहा-पंधरा पावलं आधीपासून चालायला लागायचं, रेघ ओलांडली की मोजणी सुरू, आणि दुसरी रेघ आली तरी न थांबता पुढे जायचं. तरच चाल नेहमीची राहते. चपला, बूट, पाठीवरची बॅग, जे मोजताना असणार तेच इथेही असू द्या.

मी चार वेळा चाललो. मी प्रत्येक पाऊल मोजत नाही, फक्त उजवा पाय टेकला की एक. आकडे निम्मे होतात, चुकायला जागा कमी. चार फेऱ्यांत आले ६६, ६५, ६७, ६६. सरासरी ६६. म्हणजे माझं दुहेरी पाऊल १.५१५ मीटरचं. चार फेऱ्या एवढ्या जवळ आल्या की समजायचं चाल स्थिर आहे. एखादी फेरी चार-पाचने वेगळी आली तर बहुतेक मोजताना घोळ झालेला असतो, ती फेरी पुन्हा करायची.

आता मी विहिरीपासून निघालो. गाडीवाटेवर १४२, नांगरलेल्या रानातून ८७, वरच्या चढाला ७१. बेरीज बरोबर ३००. गुणिले १.५१५, झाले ४५५ मीटर. मी खूश! पण हे ॲपच्या आकड्याजवळ आलं आणि तिथेच शंका आली. ढेकळांतून चालताना पाय डांबरावर पडतो तसा पडतो का? चढाला तर पाऊल आखडतं, हे चालतानाच जाणवत होतं.

मग टेप रानात नेली. नांगरलेल्या जमिनीत तेच १०० मीटर, पण दुहेरी पावलं लागली ७२. म्हणजे १.३९ मीटर. चढाला ३० मीटरच टेप लावली, २४ पावलं, म्हणजे १.२५ मीटर. आता पुन्हा हिशेब: गाडीवाट २१५ मीटर, रान १२१, चढ ८९. एकूण ४२५. डांबरी रस्त्याचं पाऊल सगळीकडे वापरल्यामुळे ३० मीटर जास्त आले होते. पाच पाइप!

चढाबद्दल एक गैरसमज असतो. लोक म्हणतात चढामुळे अंतर वाढतं. दहा मीटरला एक मीटर चढ असेल तर उतारावरची लांबी सपाटीपेक्षा फक्त अर्धा टक्का जास्त भरते. खरा फरक पाऊल आखडल्यामुळे पडतो. आणि पाइप तर उतारावरच टाकायचा असतो, त्यामुळे आपल्याला चालून आलेलीच लांबी हवी असते.

खाली येताना पुन्हा मोजलं. उताराला पाऊल वेगळं पडतं, म्हणून तेही आधी टेपवर बघितलं. येतानाचा आकडा आला ४१९. दोन्ही मिळून सरासरी ४२२. जाता-येता सहा मीटरचा फरक, म्हणजे दीड टक्का. एवढा चालतो. पण जाता-येताच्या पावलांत नेमका दहाचा किंवा शंभराचा फरक आला, तर पाय चुकलेला नसतो, मोजणी चुकलेली असते. पन्नासनंतर साठ म्हणून गेलात, असं काहीतरी.

यावर माझा उपाय खडे. डाव्या खिशात दहा खडे, दर पन्नास पावलांना एक उजव्या खिशात. हे माझं डोकं नाही. १८६५-६६ मध्ये नैनसिंह रावत काठमांडूहून ल्हासापर्यंत असेच मोजत गेले. तिबेटमध्ये परक्यांना बंदी होती, म्हणून ब्रिटिश सर्वेक्षण खात्याने त्यांना डेहराडूनला एकसारखं पाऊल टाकायला शिकवून यात्रेकरूच्या वेशात पाठवलं. त्यांच्या जपमाळेत १०८ ऐवजी १०० मणी होते. दर शंभर पावलांना एक मणी सरकवायचा, पूर्ण माळ झाली की दहा हजार पावलं. बघणाऱ्याला वाटावं, जप चाललाय. त्यांनीही आधी पाऊल पक्कं केलं, मग वाट धरली.

आता पाइपांचा निकाल. सॉकेटमध्ये जाणारा भाग वजा करून एक पाइप मी ५.९ मीटरचा धरला. ४२२ भागिले ५.९, म्हणजे ७२. दोन जास्तीचे धरून ७४ आणले. लाइन टाकून झाली तेव्हा ७२ पूर्ण गेले आणि त्र्याहत्तराव्याचा अडीच मीटरचा तुकडा लागला. म्हणजे खरी लांबी साधारण ४२७ मीटर. मी पाच मीटर कमी मोजले होते, टक्काभर. ते दोन जास्तीचे पाइप घेतले नसते तर मला शहाणपणासकट तालुक्याला परत जावं लागलं असतं.

ही पद्धत किती पुरते, तेही सांगून टाकतो. पाइप, केबल, कुंपणाची तार, सकाळच्या पळण्याची वाट, यांना एक-दोन टक्के चुकलं तर चालतं. जमीन घेताना मात्र पावलांवर जाऊ नका. लांबी-रुंदी दोन्ही चुकतात आणि क्षेत्रफळात चूक जवळपास दुप्पट होते. बाबांची अकरा पावलं खरी २८ फूट भरतात. तशा बाजूचा 'गुंठा' खऱ्या गुंठ्याच्या पाऊण भागाएवढासुद्धा होत नाही. तिथे सरकारी मोजणीच.

बाबांना मी ७४ चा हिशेब कागदावर दाखवला. त्यांनी बराच वेळ बघितला आणि म्हणाले, "म्हणजे माझी मोजणी चुकली नव्हती." नव्हतीच. ५७० बरोबर होते. आता घराच्या भिंतीवर कोळशाने लिहिलंय: बाबा, १०० मीटर, १२९. त्याखाली माझं: ६६, उजवा पाय.

तुमचा आकडा किती येतो ते काढा आणि मला व्हॉइस नोटमध्ये पाठवा. जमीन कोणती होती तेही सांगा. भेटू पुढच्या भागात.